शॅडोइंग: इंग्रजी बोलण्याची लय कानातून जिभेवर कशी येते

इंग्रजी संभाषण सुधारण्याचा उपाय म्हणून ‘शॅडोइंग’ हा शब्द अलीकडे सतत कानावर पडतो. मोबाइलवरच्या लहान व्हिडिओंमध्ये कोणी त्याला महिनाभरात फाडफाड इंग्रजी बोलायला लावणारी युक्ती म्हणतो, तर कोणी ती निव्वळ पोपटपंची ठरवतो. दोन्ही मते अतिशयोक्त आहेत. शॅडोइंगमुळे व्याकरण सुधारत नाही, शब्दसंग्रहही फारसा वाढत नाही. मात्र इंग्रजी वाक्याची लय, म्हणजे कोणत्या शब्दावर जोर द्यायचा आणि कोणता शब्द पुसट म्हणून पुढे जायचे, ही गोष्ट बसवण्यासाठी एकट्याने करता येण्याजोगा इतका थेट सराव क्वचितच दुसरा सापडेल. चारचौघांत इंग्रजी बोलताना ज्यांचा आवाज खाली जातो, त्यांना तर तो विशेष सोयीचा आहे.

## करायचे असते तरी काय?

कानात ध्वनिमुद्रण चालू ठेवायचे आणि ते न थांबवता, बोलणाऱ्याच्या किंचित मागे राहून, तेच शब्द त्याच चढउतारांसह मोठ्याने म्हणत जायचे, याला शॅडोइंग म्हणतात. वाक्य संपेपर्यंत वाट पाहायची नसते. बोलणारा तिसऱ्या शब्दावर असताना आपण पहिल्या किंवा दुसऱ्या शब्दावर असतो.

ही कल्पना समाजमाध्यमांनी शोधलेली नाही. कॉलिन चेरी या संशोधकाने 1953 मध्ये अवधानावरचे जे प्रसिद्ध प्रयोग मांडले, त्यांत दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवले जात आणि त्यांपैकी एक ऐकता ऐकता उच्चारायला सांगितले जाई. पुढे 1973 मध्ये विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी दाखवून दिले की काही माणसे मूळ आवाजाच्या जेमतेम पाव सेकंद मागे राहूनही अर्थ समजून घेत अचूक बोलू शकतात. बहुतेकांना यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते आणि लय शिकण्यासाठी पाव सेकंद गाठण्याची गरजही नाही. तोंडी अनुवाद करणाऱ्या दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हा सराव रुळला, आणि भाषाशिक्षणात तो सर्वाधिक पद्धतशीरपणे वापरला गेला तो जपानमध्ये.

## आपली इंग्रजी सपाट का ऐकू येते?

मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचे माप देतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असतो, तरीही एखादे अक्षर इतके पुसट होत नाही की ते गिळले गेल्यासारखे वाटावे. एखाद्या शब्दावर भर द्यायचा झाला तर आवाजाबरोबरच ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’ असे काहीतरी जोडण्याची सोय आपल्याकडे आहे. ‘फोन मीच केला होता’ म्हटले की काम भागते.

इंग्रजीत अशी शेपटे नाहीत, त्यामुळे हे काम बरेचसे आवाजावरच पडते. वाक्यातील आशयाचे शब्द, म्हणजे नामे, मुख्य क्रियापदे आणि विशेषणे, ठसठशीत, लांब आणि बहुधा वरच्या सुरात येतात. ‘टू’, ‘ऑफ’, ‘ॲट’, ‘वॉज’, ‘कॅन’, ‘अँड’ असे जोडकाम करणारे छोटे शब्द त्यांच्यामध्ये आखूड होऊन दबून जातात. भजनात टाळ ठरावीक ठेक्यावर पडतो आणि दोन टाळांच्या मध्ये चरणातील अक्षरे कमी असोत वा जास्त, ती त्या जागेत बसवून घ्यावी लागतात. इंग्रजी वाक्यातील जोरदार शब्द म्हणजे असे टाळ. ‘किड्स प्ले गेम्स’ आणि ‘द किड्स आर प्लेइंग द गेम्स’ या दोन्ही वाक्यांत ठेके तीनच आहेत. दुसऱ्या वाक्यातील वाढीव अक्षरे त्या ठेक्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसतात.

ही तुलना फार ताणू नये. इंग्रजीतील जोरदार अक्षरांमधील अंतर घड्याळाने मोजले तर ते समान भरत नाही, हे ध्वनिशास्त्रज्ञांच्या मोजमापांतून वारंवार दिसले आहे. ठेका समान असल्याचा भास होतो, तो मुख्यतः जोरदार आणि पुसट अक्षरांमधील मोठ्या फरकामुळे. शिकणाऱ्याने एवढेच लक्षात घ्यावे की त्याला वेग कमवायचा नसून हा फरक कमवायचा आहे.

छोटे शब्द पुसट होताना त्यांचा स्वर बहुधा आखूड ‘अ’कडे झुकतो. ‘टू’चा ‘ट’, ‘ॲट’चा ‘अट’, ‘वॉज’चा ‘वझ’, ‘कॅन’चा ‘कन’ होतो. हा आखूड ‘अ’ आपल्याला परका नाही. ‘कमळ’ म्हणताना मधल्या ‘म’मध्ये त्याच्या अगदी जवळचा स्वर असतो. म्हणजे अडचण जिभेची नसून सवयीची आहे. आपण इंग्रजी आधी वाचायला शिकतो आणि लिहिलेले प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारणे म्हणजेच शुद्ध बोलणे, असे मानून चालतो.

## लय चुकली म्हणून अर्थ बिघडतो का?

कित्येकदा बिघडत नाही, पण काही ठिकाणी नक्कीच बिघडतो. ‘मी उद्या येऊ शकते’ हे सांगताना इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोक साधारण ‘आय कन कम टमॉरो’ असे म्हणतात. त्यात ‘कॅन’ जवळजवळ नाहीसा होतो. ‘येऊ शकत नाही’ हे सांगताना मात्र ‘कॅन्ट’ पूर्ण आणि जोरात येतो, आणि अनेक अमेरिकी लोकांच्या बोलण्यात त्याच्या शेवटचा ‘ट’ धड सुटतही नाही. अशा श्रोत्याचा कान होकार की नकार हे बऱ्याच अंशी जोरावरून ठरवतो. आपण स्पष्टपणाच्या हौसेने ‘आय कॅन कम टुमॉरो’ असे प्रत्येक शब्द तोलून म्हटले, तर फोनवर पलीकडच्या माणसाला ते ‘कॅन्ट’ वाटू शकते. पुण्यातून परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या कोणालाही ‘सॉरी, कॅन ऑर कॅन्ट?’ हा प्रश्न नवा नसावा.

## ऐकून मग म्हटले तर चालणार नाही का?

शाळेत आपण तेच करत आलो: बाईंनी वाक्य म्हणायचे, वर्गाने ते पुन्हा म्हणायचे. त्या पद्धतीत एक पळवाट राहते. आपण वाक्य ऐकतो, त्यातील शब्द ओळखतो आणि मधल्या क्षणात ते शब्द आपल्या जुन्या उच्चारांत पुन्हा जुळवून बाहेर काढतो. शब्द बरोबर येतात, पण लय आपलीच राहते.

शॅडोइंगमध्ये हा मधला क्षण मिळत नाही. नुकताच ऐकलेला ध्वनी मनात जसाच्या तसा फार तर दोनेक सेकंद टिकतो, आणि त्या अवधीतच तो तोंडातून बाहेर पडावा लागतो. शिवाय पुढचा शब्द थांबत नाही. ‘टू’ला ‘टू’ म्हणत बसलो तर गाडी सुटते. म्हणून छोटे शब्द सोडून देण्याची सक्ती आपोआप होते. माझ्या मते या पद्धतीचे सारे बळ या सक्तीत आहे, आणि म्हणूनच दर वाक्यानंतर ध्वनिमुद्रण थांबवून केलेला सराव, कितीही मनापासून केला तरी, शॅडोइंगच्या जागी चालत नाही.

## एका वाक्यापासून सुरुवात

समजा, लातूरहून पुण्याला आलेली एक तरुणी नव्या नोकरीत रुजू झाली आहे. तिचे लिखित इंग्रजी चांगले आहे, परंतु बैठकीत बोलायची वेळ आली की ती शब्द एकेक करून मांडते आणि मध्येच गप्प होते. वसतिगृहाच्या खोलीत आणखी दोघी राहत असल्यामुळे मोठ्याने सराव करायचीही तिला लाज वाटते.

तिने पंधरा ते वीस सेकंदांचा, एकाच व्यक्तीच्या आवाजातील, पार्श्वसंगीत नसलेला आणि लिखित संहिता उपलब्ध असलेला तुकडा निवडावा. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ या कार्यक्रमासोबत संहिता मिळते, आणि त्यातील चारपाच वाक्ये एका आठवड्याला पुरतात. तुकड्यातील शब्द आधीपासून माहीत असावेत, कारण अर्थ शोधण्यात गुंतलेले लक्ष लयीकडे वळत नाही. चित्रपटातील संवाद मोहात पाडतात, पण सुरुवातीला ते टाळावेत. तिथे माणसे कुजबुजतात, ओरडतात आणि एकमेकांचे बोलणे तोडतात.

आता त्या तुकड्यात असे एक वाक्य आहे असे धरू: ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट आय लेफ्ट माय फोन ॲट द ऑफिस.’ शब्द चौदा, उच्चारातील अवयव सोळा, कारण ‘गोइंग’ आणि ‘ऑफिस’ उच्चारताना त्यांचे दोन-दोन तुकडे पडतात. आपली शिकाऊ तरुणी हे सोळाही अवयव सारख्या वजनाने म्हणते आणि तिला साधारण पाच सेकंद लागतात. मूळ आवाज हेच वाक्य सुमारे तीन सेकंदांत संपवतो आणि तरीही घाईत वाटत नाही, कारण तो ‘कॉल’, ‘लेफ्ट’, ‘फोन’ आणि ‘ऑफिस’मधील ‘ऑ’ अशा चारच ठिकाणी खरा जोर देतो:

आय वझ गोइंग ट कॉल यु, बट आय लेफ्ट माय फोन अट दि ऑफिस.

पहिल्या दिवशी तिने संहिता न पाहता हे वाक्य चारदोनदा फक्त ऐकावे आणि जोर येईल तिथे बोटाने मांडीवर टिचकी मारावी. त्यानंतर संहिता उघडून त्या चार जागांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. इथे कान आणि डोळे यांच्यात तंटा होतो. डोळ्यांना ‘वॉज’ आणि ‘ॲट’ पूर्ण दिसत असतात, कानाला ते जेमतेम ऐकू येतात. अशा वेळी कानाचे ऐकावे.

मग तोंड उघडायचे, पण शब्द लगेच म्हणायचे नाहीत. आवाजाबरोबर केवळ ‘द-द-द-द-द-दा-द’ अशी चाल गुणगुणायची. वाक्याच्या पूर्वार्धात सात अवयव आहेत आणि जोर सहाव्यावर येतो. ही पायरी बालिश वाटते आणि बहुतेक जण ती गाळतात, पण लय शब्दांपासून वेगळी काढून कानात बसवण्याचे काम याच पायरीवर होते. चाल बसल्यावर संहितेवर नजर ठेवून आवाजासोबत शब्द म्हणावेत, आणि ते न अडखळता जमू लागले की संहिता मिटून केवळ कानाच्या आधाराने, थोडे मागे राहून म्हणावे. खरे शॅडोइंग हे शेवटचे. एका बैठकीला दहा मिनिटे पुरे होतात. त्यानंतर लक्ष विखुरते आणि तोंड जुन्या सवयीने चालू लागते.

दुसऱ्या दिवशी, तुकडा पुन्हा ऐकण्यापूर्वी, तेच वाक्य स्वतःच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करावे. आवाजासोबत म्हणताना सगळेच बरे वाटते, आणि लय खरोखर उतरली आहे का ते आधार काढल्यावरच कळते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ वाक्य आणि आपले वाक्य खाली-वर ठेवले तर फरक डोळ्यांनाही बराचसा दिसतो. मूळ आलेखात काही रुंद, उंच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये चिरडलेला भाग असतो, तर आपल्या आलेखात जवळपास सारख्या उंचीच्या टेकड्यांची रांग दिसते. उंची म्हणजेच जोर असे नव्हे, कारण काही स्वर मुळातच मोठे ऐकू येतात. पण ‘टू’ आणि ‘ॲट’ यांनी ‘फोन’इतकीच जागा अडवली असेल, तर ते तिथे लपत नाही.

## अडते कुठे, आणि ते ओळखावे कसे?

सर्वांत उपयोगी खूण म्हणजे दर वेळी त्याच जागी मागे पडणे. वरच्या वाक्यात ते बहुधा ‘फोन ॲट द ऑफिस’पाशी होईल. याचा अर्थ आपली जीभ मंद आहे असा नाही. आपण ‘ॲट’ आणि ‘द’ पूर्ण उच्चारत आहोत, असा त्याचा अर्थ आहे. ‘फोन’चा न पुढच्या शब्दाला चिकटवून ‘फोनट’ आणि ‘दि’ला ‘ऑफिस’मध्ये सरकवून ‘दियॉफिस’ असे दोन गट वेगळे काढून काही वेळा म्हणावेत आणि मग पुन्हा वाक्यात बसवावेत. अडखळणे पुष्कळदा तिथेच संपते.

वाक्य पकडता येत नाही म्हणून ध्वनिमुद्रणाचा वेग निम्मा करण्याची सूचना अनेक जण करतात, पण ती मला घातक वाटते. वेग इतका उतरवला की जे स्वर आखूड असायला हवेत तेही ताणले जातात, म्हणजे शिकायची गोष्टच नाहीशी होते. पाऊणपट वेगाखाली जाऊ नये. तरीही जमत नसेल तर वेगाऐवजी तुकडा लहान करावा. अर्ध्या वाक्यावर काम केले तरी चालते.

याच्या उलट दोष म्हणजे सगळेच गिळून टाकणे. वेग साधण्याच्या नादात ‘कॉल’ आणि ‘फोन’सुद्धा आखडले जातात आणि बोलणे भरभर पण अस्पष्ट होते. चार जोरदार अवयवांवर टाळी वाजवत वाक्य म्हणून पाहावे. टाळीच्या क्षणी स्वर लांबवता येत नसेल तर वेग वाढला आहे असे समजावे. पुसट शब्द पुसट ठेवता येतात, कारण जोरदार शब्द पुरेसे लांब असतात.

## शेजारी कोणी असताना हे कसे करावे?

लाजाळू माणूस स्वाभाविकपणे कुजबुजत सराव करतो. ते मात्र उपयोगाचे नाही. कुजबुजताना स्वरयंत्रातील पट्ट्या कंप पावत नाहीत, म्हणून आवाजाला सूर राहत नाही, आणि इंग्रजीतील जोर बऱ्याच अंशी सुराच्या चढउतारातून कळतो. तेव्हा आवाज हळू असला तरी तो खरा आवाज असावा. शेजारच्या खुर्चीवरील माणसाला ऐकू जाईल एवढा पुरतो. इअरफोन एकाच कानात घालावा आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवावा. दोन्ही कान बंद केले की आपण काय म्हणतो आहोत हे आपल्यालाच नीट कळत नाही आणि आवाज नकळत चढतो, जे आपल्या या तरुणीला मुळीच नको आहे.

जागेचा प्रश्न हल्ली सुटल्यातच जमा आहे. इअरफोन घालून स्वतःशी बोलत सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या माणसाकडे आता कोणी वळूनही पाहत नाही, कारण तो फोनवर बोलत आहे असेच सगळे गृहीत धरतात. रस्ता ओलांडताना मात्र सराव बंद ठेवावा.

लाजाळूपणाच्या दृष्टीने या सरावाचा आणखी एक गुण आहे. इथे काय बोलावे हे ठरवावे लागत नाही आणि समोर कोणी उत्तराची वाट पाहत नसतो. बोलण्याचे दडपण ज्या दोन गोष्टींतून येते, त्या दोन्ही बाजूला ठेवून केवळ आवाजावर काम करता येते. मर्यादाही तिथेच आहे. त्या दोन गोष्टींचा सराव शॅडोइंगमध्ये मुळीच होत नसल्यामुळे, महिनोन्‌महिने उत्तम शॅडोइंग करणारी व्यक्तीही बैठकीत गप्प राहू शकते.

## मग आपण गोऱ्यांची नक्कल करायची का?

हा आक्षेप रास्त आहे. भारतीय इंग्रजी ही इंग्रजीची एक प्रस्थापित रीत आहे, तिची लय अधिक समतोल आहे, आणि नागपूरच्या माणसाने चेन्नईच्या माणसाशी त्या लयीत बोलण्यात काहीही उणे नाही. आपला ‘ट’, आपला ‘ड’ किंवा आपला ‘व’ बदलण्याचीही गरज नाही. श्रोत्याचा कान त्यांना चटकन सरावतो. लहान शब्द पुसट करणे आणि आशयाच्या शब्दांवर जोर देणे एवढेच उचलले, तरी परदेशी श्रोत्याला वाक्यातील महत्त्वाची जागा सापडते. शिवाय या सरावाचा जो परिणाम सर्वाधिक खात्रीने दिसतो तो बोलण्याआधी ऐकण्यावर होतो. ‘अट’ हा ‘ॲट’च आहे हे जिभेला एकदा कळले, की कानालाही तो भरभर बोलणाऱ्याच्या वाक्यात ऐकू येऊ लागतो.

## पाठ झालेले वाक्य आपले कसे करायचे?

तुकडा आधाराशिवाय त्याच लयीत म्हणता येऊ लागला की तो आणखी घोकण्यात अर्थ नाही. आता लय तशीच ठेवून त्यातील आशयाचे शब्द बदलावेत. ‘आय वझ गोइंग ट आस्क यु, बट आय लेफ्ट माय बुक अट द हॉस्टेल.’ ‘शी वझ गोइंग ट पे यु, बट शी लेफ्ट हर कार्ड अट द काउंटर.’ चार ठेके जिथे होते तिथेच आहेत, वाक्य मात्र आता शिकणाऱ्याचे आहे. पहिल्या दोनतीन बदलांत लय हमखास मोडते, कारण नवा शब्द शोधताना मन पुन्हा जुन्या सवयीकडे पळते. तसे झाले की मूळ तुकडा एकदा लावून त्याच्यामागे म्हणावे आणि लगेच बदललेले वाक्य पुन्हा म्हणावे.

अशी पाचसहा वाक्ये जमली की त्यांतील एखादे, त्या दिवशी खरोखर सांगायचे असेल असे, विश्वासातल्या एका व्यक्तीला आवाजी संदेश म्हणून पाठवावे. तो पाठवण्यापूर्वी ऐकता येतो, खोडून पुन्हा बोलता येतो, आणि तरीही पलीकडे खरा श्रोता असतो. बैठकीसाठीही हीच वाट धरावी. उद्याच्या बैठकीत बोलावी लागणारी दोन वाक्ये आदल्या रात्री लिहून काढावीत, त्यांतील जोराच्या जागांखाली रेघा ओढाव्यात, आणि शक्य असेल तर तशाच ठेक्याचे वाक्य आपल्या जुन्या तुकड्यांत शोधून त्याच्यामागे ती म्हणून पाहावीत.

नवा तुकडा निवडताना बोलण्याचा प्रकार बदलावा. निवेदनानंतर प्रश्नोत्तरे घ्यावीत, कारण प्रश्नात सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे निवेदनातून शिकता येत नाही. ‘व्हेअर डिड यू पुट इट?’सारख्या प्रश्नाचा सूर अनेक जण शेवटी वर नेतात, पण ‘व्हेअर’, ‘व्हॉट’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणाऱ्या साध्या प्रश्नांत तो सहसा खाली येतो.